बॉनेटखालचा फोटो टाकलाय : यातली बॅटरी, डिपस्टिक आणि टाक्या ओळखायला मदत हवी

मुग्धा_वारजे | गुरुवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मावशी बंगळुरूला राहायला गेली आणि जाताना तिची २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडे ठेवून गेली. साधे गिअर आहेत, ऑटोमॅटिक नाही. गाडी मी हल्लीच चालवायला लागले आहे. गाडीबरोबरचं पुस्तक घरात कुठेच सापडत नाहीये. रविवारी आईला घेऊन वाईला जायचंय, त्याआधी ऑइल, पाणी वगैरे स्वतः बघून घ्यावं म्हणून पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, फोटो काढला आणि त्यावर आकडे टाकले. ऑफिसातून वाचणाऱ्यांना फोटो दिसत नाही अशी इथे नेहमी तक्रार असते, म्हणून लिहूनही देते.

मी गाडीसमोर उभी आहे, काच फोटोत वरच्या बाजूला.

१ – वर डावीकडे, काचेजवळ. पांढरट छोटं भांडं, काळं झाकण. मागे एक मोठी काळी गोल डबी.
२ – खाली डावीकडे, हेडलाइटच्या मागे. पांढरट टाकी, काळं झाकण. आत अर्ध्यापर्यंत तपकिरी पाणी दिसतंय.
३ – उजवीकडे मोठा काळा डबा, वर दोन जाड वायरी. एका वायरीच्या टोकाला पांढरी-निळी पावडर.
४ – इंजिनाच्या पुढच्या अंगाला पिवळी रिंग.
५ – इंजिनाच्या डोक्यावर काळं गोल झाकण.
६ – खाली उजवीकडे नुसती एक मान वर आलेली, निळं झाकण. झाकणावरचं चित्र पुसलं गेलंय.
७ – अगदी पुढे, जाळीच्या वर, धातूचं झाकण.

माझा अंदाज : ३ बॅटरी, ४ डिपस्टिक, ६ कूलंट (निळं आहे म्हणून) आणि २ वायपरचं पाणी (गढूळ आहे म्हणून). १ काय ते कळत नाही. स्टीअरिंग ऑइलचं भांडं तर सापडलंच नाही. सांगाल का?

पेठेतला_पाना | रात्री ९:३१

सोपं आहे. निळं झाकण म्हणजे वायपरचं पाणी, नेहमीच. २ कूलंट. १ ब्रेक ऑइल. ५ मधून इंजिन ऑइल ओतायचं. १ ची पातळी कमी दिसतेय, नाना पेठेतून डॉट ३ ची बाटली आणा आणि मॅक्सपर्यंत भरून टाका. कूलंट अर्धं आहे म्हणजे ठीकच. झालं, वाईला जाऊन या.

रानवाटा | रात्री ९:४०

वाईला निघालात तर मेणवलीचा घाट चुकवू नका. खंबाटकी चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर बराच वेळ राहते, ट्रकच्या मागे अडकलात तर जास्तच. तेव्हा एसी बंद करा आणि काट्यावर लक्ष ठेवा. घाटात बाजूला उभ्या असलेल्या, बॉनेट उघडून वाफा सोडणाऱ्या गाड्या दर उन्हाळ्यात दिसतात.

सुमीत७७ | रात्री ९:५५

ॲक्टिव्हाची डिपस्टिक पण पिवळीच असते का? माझ्याकडे इंजिनच्या खाली उजवीकडे काळं झाकण आहे, ते फिरवून काढलं की पट्टी येते. ती पूर्ण आवळून बघायची की नुसती टेकवून?

मुग्धा_वारजे | रात्री १०:०२

सुमीत, मी गाडीबद्दल विचारतेय हो :) पण कोणाला माहीत असेल तर सांगा त्यांना.

डेपोवाले_काका | रात्री १०:२०

सुमीत, स्कूटरची पट्टी पुसून नुसती टेकवायची, आटे न फिरवता. आणि गाडी मेन स्टँडवर उभी.

मुग्धा, तुझा फोटो मोठा करून दोन-तीनदा पाहिला. आधी एक गोष्ट पक्की करून घे. समोरून काढलेल्या फोटोत डावं-उजवं उलटं होतं. तू डावीकडे म्हणतेस ती गाडीची उजवी, म्हणजे ड्रायव्हर साइड. दुसरी बाजू क्लीनर साइड. गॅरेजमध्ये सगळे हेच दोन शब्द वापरतात, त्यामुळे घोळ होत नाही. फोनवर मेकॅनिकशी बोलतानाही असंच बोल.

आता ओळखायला सुरुवात १ पासून करायची, कारण त्याची जागा ठरलेली असते. ब्रेकचा पेडल ड्रायव्हरच्या पायाशी, त्याच्या बरोबर समोर पत्र्याच्या पलीकडे ती मोठी काळी डबी, म्हणजे बूस्टर, आणि त्याच्या नाकावर मास्टर सिलिंडर. ते पांढरट भांडं त्या सिलिंडरवर बसलेलं आहे. म्हणून आपल्याकडच्या गाड्यांत ब्रेक ऑइल काचेजवळ आणि ड्रायव्हर साइडला सापडतं. १ बद्दल पानासाहेब बरोबर आहेत. भरायचं की नाही ते मात्र खाली बोलू.

३ बॅटरी, ४ डिपस्टिक, ५ ऑइल ओतायचं झाकण, ७ रेडिएटरचं झाकण. यात शंका नाही.

२ आणि ६ मी फोटोवरून सांगणार नाही. दोन्ही पांढरट प्लॅस्टिक, झाकणाचा रंग कंपनीगणिक बदलतो, शिवाय दहा वर्षांच्या गाडीत कोणीतरी दुसऱ्याच गाडीचं झाकण बसवलेलं असू शकतं. टाकी ओळखायची तर तिच्यातून निघालेली नळी कुठे जाते ते बघायचं. उद्या सकाळी इंजिन गार असताना बॅटरी (टॉर्च म्हणतोय मी) घेऊन जा. २ मधून निघालेली नळी धर आणि बोटाने तिचा मागोवा घे. ती ७ च्या झाकणाखाली, रेडिएटरच्या मानेला जाऊन मिळाली तर २ कूलंट. ६ मधली नळी बारीक असेल, सलाईनच्या नळीएवढी, आणि ती वर बॉनेटच्या आतल्या बाजूने काचेवरच्या फवाऱ्यांकडे गेली असेल तर ६ वायपरचं.

जयश्री_ताई | रात्री १०:४१

काकांचं ऐक ग मुग्धा. आमच्याकडे गाडी धुणाऱ्या मुलाने 'ताई, वायपरचं पाणी भरून देतो' म्हणून शाम्पू घातलेलं पाणी कूलंटच्या टाकीत ओतलं होतं. दोन दिवसांनी सिंहगड रोडला सिग्नलवर बॉनेटच्या फटीतून फेस बाहेर. मला वाटलं आग लागली. पूर्ण सिस्टिम तीन-चार वेळा पाण्याने धुवावी लागली, तरी थोडा थोडा फेस बरेच दिवस येत होता. त्या टाकीचं झाकण पण निळंच होतं, पाना भाऊ.

पेठेतला_पाना | रात्री १०:५०

बरं, 'नेहमीच' हा शब्द मागे घेतो. 'बहुतेक वेळा' म्हणू. पण २ हीच कूलंटची टाकी, पैज लावतो. आणि त्यात अर्धं पाणी आहे.

कल्याणी_एस | रात्री ११:०५

स्टीअरिंग ऑइलचं कोणी बोललं नाही. मुग्धा, तुझ्या गाडीचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक असणार. मोटर स्टीअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डच्या आत असते. तेल नाही, त्यामुळे भांडंही नाही. माझ्या बाबांच्या जुन्या सेडानला बेल्टवर फिरणारा पंप आणि त्याचं वेगळं भांडं आहे, झाकणावर स्टीअरिंगचं चित्र. तुझ्या फोटोत बेल्टवर तसा पंप दिसत नाही.

जाता जाता माझाही प्रश्न : माझ्या गाडीला सीएनजी आहे. इंजिनाच्या मागे मुठीएवढा धातूचा डबा बसवलाय आणि त्यालाही दोन रबरी पाइप लागलेत. ते कूलंटचे का?

डेपोवाले_काका | रात्री ११:१५

हो. तो रिड्यूसर. टाकीतला गॅस दाब कमी होताना एकदम गार पडतो, म्हणून गरम कूलंट त्याच्यातून फिरवतात. कूलंट कमी होत असेल तर त्या दोन पाइपांचे क्लिप पण बघ, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ते सैल पडतात.

मुग्धा_वारजे | शुक्रवार, सकाळी ७:५०

खाली जाऊन आले. २ ची नळी करंगळीएवढी जाड आहे आणि ७ च्या मानेला लागलेली आहे. ६ ची नळी बारीक, ती बॉनेटच्या बिजागरीकडे वर गेली. ६ मध्ये बोट घातलं तर साबणाचा वास आला. म्हणजे २ कूलंट, ६ वायपर. माझा अंदाज बरोबर उलटा होता. पाना दादा, पैज तुमची.

२ चा जवळून फोटो टाकतेय. पाणी अर्ध्याला आहे, मिन आणि मॅक्सच्या मधोमध. म्हणजे तिकडचं काम संपलं ना?

डेपोवाले_काका | सकाळी ८:३५

थांब. हा फोटो बघून मला ते पाणी वाटत नाही.

कूलंट वर्षानुवर्षं एकाच पातळीवर राहिलं की आतल्या भिंतीवर तपकिरी थर बसतो. टाकी नंतर रिकामी झाली तरी थर तिथेच राहतो आणि बाहेरून, फोटोत तर हमखास, पाणी भरल्यासारखंच दिसतं. तुझ्या फोटोत वरची कड बघ. ती सरळ रेषा नाही, जराशी फाटल्यासारखी, आणि खाली रंग एकसारखा नाही, ठिपके आहेत. पाण्याची कड सुरीने कापल्यासारखी असते.

दोन परीक्षा आहेत. पुढच्या बाजूने गाडी हाताने दाबून हलव. पाणी असेल तर रेषा डुलेल, डाग डुलणार नाही. दुसरी, टाकीच्या मागून टॉर्च धर. पाणी असेल तिथे उजेडाचा रंग बदलतो, खाली हिरवट किंवा गुलाबी दिसतं.

विज्ञानवेडा | सकाळी ९:१०

अजून सोपं : झाकण उघडून आत बघायचं!

डेपोवाले_काका | सकाळी ९:२२

या गाडीत चालेल, कारण प्रेशर ७ च्या झाकणाने धरून ठेवलंय आणि २ ही नुसती साठवणीची टाकी आहे. पण कित्येक गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसतं, ही टाकीच प्रेशरमध्ये असते. तिचं झाकण आट्यांचं आणि जाड, नळीही अंगठ्याएवढी. ती गरम असताना उघडली तर चेहरा भाजेल. म्हणून 'उघडून बघा' हे मी फोटो पाहिल्याशिवाय कोणाला सांगत नाही.

विज्ञानवेडा | सकाळी ९:४०

पटलं. आकडे देतो म्हणजे का भाजतं ते कळेल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ बार प्रेशर धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी ११८ च्या जवळपासपर्यंत उकळत नाही. इंजिनात १०५ अंशाचं पाणी शांत बसलेलं असतं. झाकण उघडलं की प्रेशर जातं आणि त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते. ती वाफ वाटेतलं उरलेलं पाणी घेऊनच बाहेर येते.

मुग्धा_वारजे | दुपारी १:१५

डब्याच्या सुट्टीत खाली उतरून दोन्ही परीक्षा केल्या (गाडी कालपासून हललेली नाही, गार आहे). गाडी हलवली, रेषा हलली नाही. मागून टॉर्च धरला, उजेड वरपासून खालपर्यंत एकसारखा. शेवटी २ चं झाकण काढलं. झाकणाला खाली एक लांब नळी लटकलेली आहे, तिचं टोक कोरडं. तळाला चमचाभर गाळ. टाकी रिकामी आहे काका.

आता काय? कूलंट आणून त्यात भरून टाकू का?

पेठेतला_पाना | दुपारी १:३०

बापरे. काकांना दंडवत. मी तर त्या फोटोवर 'ठीकच' म्हणालो होतो.

पण कूलंट कशाला, बाटलीबंद पिण्याचं पाणी टाका, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

डेपोवाले_काका | दुपारी २:०५

आधी ती लटकलेली नळी समजून घे, मग पुढचं आपोआप कळेल. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, जास्तीचं त्या नळीतून टाकीत येतं. गार झालं की आत आकसतं आणि टाकीतलं कूलंट त्याच नळीतून परत ओढलं जातं. नळीचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तोवर ही ये-जा नीट चालते. टाकी रिकामी झाली की ती हवा ओढते. म्हणजे रिकाम्या टाकीचा अर्थ रेडिएटरही थोडा रिकामा असणार. नुसती टाकी भरून ती पोकळी भरून निघेलच असं नाही.

उद्या पहाटे, रात्रभर गार झाल्यावर, जाड फडकं धरून ७ उघड. कूलंट मानेपर्यंत दिसायला हवं. दिसलं नाही तर हळूहळू ओत, वर येईपर्यंत. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू कर, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेव आणि रेस न देता चालू दे. बुडबुडे येऊन पातळी खाली जाईल, तेवढं परत ओत. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली की झाकण लाव. पाणी वर चढून सांडायला लागलं तर तिथेच झाकण लाव, वाट बघत बसू नकोस. मग २ मध्ये मिन-मॅक्सच्या मधोमध.

किती ओतलंस ते मोजून ठेव. तो आकडा मला हवाय.

पानासाहेब, रस्त्यात अडकलं तर कुठलंही स्वच्छ पाणी चालेल, गाडी वाचवणं महत्त्वाचं. घरी असताना मात्र नाही. कूलंटमध्ये गंज न चढू देणारी द्रव्यं असतात, पाण्याने ती पातळ होत जातात, आणि पिण्याच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. तुझ्या टाकीतला तो तपकिरी थर मुग्धा, बहुतेक अशाच पाण्याची देणगी आहे. कॅन घेताना आयतं मिसळलेलं आहे की घट्ट आहे ते वाच. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, तेच बॅटरीत घालतात ते, कॅनवर लिहिलंय त्या प्रमाणात.

पेठेतला_पाना | दुपारी २:२०

आमच्या मारुतीला वीस वर्षं पाणीच आहे आणि ती अजून चालतेय. सगळं मान्य, हे नाही :)

जयश्री_ताई | दुपारी २:४५

पण मुग्धा, तुझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर गेला नव्हता का कधी? टाकी रिकामी असून?

मुग्धा_वारजे | दुपारी ३:००

नाही ताई. मी वारजे ते डेक्कन एवढीच चालवते. काटा कायम मधल्याच्या खाली.

डेपोवाले_काका | दुपारी ३:१५

गावातल्या फेऱ्यांत नसता गेला. घाटात कळलं असतं. आणि काट्यावर पूर्ण भरवसाही नको. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. पातळी फारच खाली गेली की तो हवेत उघडा पडतो, आणि इंजिन तापत असतानाही काटा खाली राहू शकतो.

आता १ चं राहिलेलं. पातळी कुठे आहे नक्की?

मुग्धा_वारजे | दुपारी ३:२५

मिनच्या थोडी वर. पाना दादा म्हणाले तसं भरायचं का?

डेपोवाले_काका | दुपारी ३:५०

नको. ब्रेक ऑइल इंजिनासारखं जळत नाही, वाफ होऊन उडत नाही. बंद सिस्टिम आहे. मग पातळी का उतरते? पॅड झिजतात, पिस्टन तेवढे बाहेर येतात, भांड्यातलं तेल त्यांच्यामागे जागा भरतं. म्हणजे उतरलेली पातळी पॅड झिजल्याचा निरोप आहे. तू आज मॅक्सपर्यंत भरलंस, तर नवे पॅड घालताना पिस्टन आत दाबले जातील आणि तेल वरून सांडेल. ते रंगावर पडलं तर रंग उचलतं. मिनच्या वर आहे, पेडल घट्ट लागतोय, तर हात लावू नकोस. वाईहून आलीस की पॅड किती उरलेत ते बघून घे. मिनच्या खाली गेलं किंवा थोड्याच दिवसांत उतरलं तर मात्र गळती समज आणि गाडी काढूच नकोस.

झाकण उगाच उघडून बघायचं नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, पावसाळ्यात आणखीच. भांडं पारदर्शक असतं ते बाहेरूनच वाचावं म्हणून.

रानवाटा | दुपारी ४:१०

हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मी दर सर्व्हिसिंगला 'ब्रेक ऑइल टॉप अप' म्हणून बिल भरत आलोय.

कल्याणी_एस | संध्याकाळी ५:३०

बॅटरीचं मी सांगते, ते काम मी स्वतः केलंय. पांढरी-निळी पावडर आली ते टोक प्लस की मायनस ते आधी बघ. लाल टोपी निघून गेली असेल तर डब्यावर खूण कोरलेली असते, आणि प्लसचा खुंटा मायनसपेक्षा किंचित जाड असतो. वायर काढताना आधी मायनस, लावताना ती शेवटी. कारण बॉडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो, प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. पावडरीवर खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी थोडं थोडं ओतून जुन्या ब्रशने घास, कोरडं कर. हातमोजे घाल, ती पावडर डोळ्यात जाऊ देऊ नको. अंगठी-बांगडी काढून ठेव.

पेठेतला_पाना | संध्याकाळी ५:४५

मायनस आधी, ह्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आमच्या शेजाऱ्यांचं कडं वितळलं होतं.

मुग्धा_वारजे | शनिवार, सकाळी ८:४०

झालं. ७ उघडलं तर कूलंट दिसतच नव्हतं. आयतं मिसळलेलं घेतलं होतं, मोजपात्राने ओतलं. पहिल्यांदा ६०० मिली गेलं, इंजिन सुरू केल्यावर बुडबुडे येऊन आणखी साधारण १५०. मग टाकी मध्यापर्यंत. आता मागून टॉर्च धरला की खालचा अर्धा भाग हिरवा दिसतो, आणि गाडी हलवली की रेषा डुलते! तपकिरी डाग त्या रेषेच्या थोडा वर आहे, दोन्ही वेगळे स्पष्ट दिसतात.

डिपस्टिक पण पाहिली. पण तेल पट्टीवर खूप वर, दोन्ही खुणांच्याही वर दिसलं. जास्त झालंय का?

डेपोवाले_काका | सकाळी ९:०५

पहिल्यांदा काढलीस तेव्हाचं वाचलंस ना? नळीच्या आत भिंतीला तेल चिकटलेलं असतं, ते पट्टीला लागतं. आज इंजिन चालवलंच आहेस. बंद करून दहा मिनिटं थांब, सपाट जागा, उतारावर नको. पट्टी काढ, फडक्याने पूर्ण पूस, रिंग टेकेपर्यंत आत ढकल, परत काढ आणि आडवी धरून दोन्ही बाजू बघ. दोन बाजू वेगळं सांगत असतील तर कमी दाखवणारी खरी.

आणि रंग सांग. काळं चालेल. दुधाळ, चहात साय घुसळल्यासारखं असेल तर लगेच सांग, कारण तुझं पाऊण लिटर कूलंट कुठे गेलं हे मला अजून माहीत नाही. इंजिनाच्या आत गेलं असेल तर तिथेच दिसेल. ५ चं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला पण बघ.

मुग्धा_वारजे | सकाळी ९:४०

पुसून परत पाहिली. दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जवळ. रंग तपकिरी-काळा, दुधाळ अजिबात नाही. झाकणाच्या आतही स्वच्छ.

डेपोवाले_काका | सकाळी ९:५०

छान. तेल भरायचं नाही. मग कूलंट बाहेर कुठेतरी जातंय किंवा गेली कित्येक वर्षं कोणी बघितलंच नाही. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेव रात्रभर.

जयश्री_ताई | सकाळी १०:१५

उद्या वाईला जायचं की नाही मग?

रानवाटा | सकाळी १०:३०

मी जाईन. भरलंय ना. सोबत दोन लिटर पाणी ठेवा.

डेपोवाले_काका | सकाळी १०:४०

मी नाही नेणार. पाऊण लिटर कुठे गेलं ते कळेपर्यंत घाट नको. आईला एसटीने ने, स्वारगेटवरून भरपूर गाड्या आहेत. पुढचा रविवार आहेच.

रानवाटा | सकाळी १०:५५

काका, थोडं जास्त सावध वाटतंय मला. हळूहळू कमी झालं असेल वर्षभरात. पण निर्णय मुग्धाचा.

मुग्धा_वारजे | मंगळवार, रात्री ८:३०

आम्ही एसटीनेच गेलो. मेणवलीचा घाट आईला फार आवडला.

पुठ्ठ्यावर रविवारी सकाळी एक डाग होता, रुपयाएवढा, हिरवट. आज गाडी पौड रोडच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी ७ च्या जागी हातपंपासारखं प्रेशर टेस्टर लावलं, काटा चढवला आणि सोडून दिलं. काटा हळूहळू उतरायला लागला. रेडिएटरच्या खालच्या जाड पाइपाच्या क्लिपमधून थेंब आला. तिथे पांढरट-हिरवी खपली पण जमलेली होती. क्लिप बदलली, पाइपाचं टोक कापून परत बसवलं. पुन्हा टेस्ट केली तर काटा जवळजवळ थांबला, पण पूर्ण नाही. ते म्हणतात वॉटर पंपाचं सील पण थोडं गेलंय, पंप बदला. काका, बदलू?

डेपोवाले_काका | रात्री ९:१०

पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून ओघळ येतो. तो ओघळ त्यांनी दाखवला का? दाखवला असेल तर बदल. नसेल तर आधी झाकण बदल, ते स्वस्त आहे. दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. झाकण नीट बसलं नाही तर कूलंट टाकीत जातं, पण परत ओढलं जात नाही.

टेस्टर झाकणाच्या जागी लागतो, त्यामुळे त्या टेस्टमध्ये तुझं झाकण तपासलंच गेलं नाही. त्यांना झाकण वेगळं टेस्ट करायला सांग, बहुतेक टेस्टरबरोबर त्यासाठीचा जोड असतो.

विज्ञानवेडा | रात्री ९:३०

पण काटा थोडा उतरतोच आहे ना काका? झाकण टेस्टमध्ये नव्हतंच, म्हणजे अजून कुठून तरी जातंय.

डेपोवाले_काका | रात्री ९:४५

मुद्दा बरोबर आहे. टेस्टरच्या स्वतःच्या रबरातूनही जाऊ शकतं, पंपातूनही. बसल्या जागेवरून मी ठरवू शकत नाही. मुग्धा, टाकीवर आजच्या पातळीला पर्मनंट मार्करने रेघ मार, तारीख घाल. दर रविवारी सकाळी, गाडी गार, जागा तीच, मागून टॉर्च, फोटो एकाच कोनातून. महिन्याभरात रेघ हलली नाही तर पंप राहू दे.

मुग्धा_वारजे | रात्री १०:००

रेघ मारली. भोक त्यांनी दाखवलं नव्हतं, उद्या जाऊन बघते. झाकण पण टेस्ट करून घेते.

सुमीत७७ | रात्री १०:२५

काका, माझ्या भावाच्या डिझेल गाडीचा फोटो टाकतोय. काळ्या झाकणाची दोन भांडी आहेत, एक इंजिनाच्या मागे, एक बाजूला. कूलंट कुठलं?

डेपोवाले_काका | रात्री १०:३८

सुमीत, फोटो समोरून काढलाय की ड्रायव्हर साइडने? आणि दोन्हीच्या नळ्या दिसतील असा दुसरा टाक.